बर्फाला घाम फुटेपर्यंत

लसीच्या बाटलीवर उष्णतेची खूण उमटते, थंडीची उमटत नाही. शीतसाखळीत काम करणाऱ्या माणसाची निम्मी काळजी या एका गोष्टीतून येते.

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरकडच्या बिद्रीच्या साखर कारखान्याच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या खोप्या उभ्या राहतात. बीडकडची कुटुंबं लेकराबाळांसह येतात आणि काही महिने इथलीच होऊन राहतात. या पोरांचे डोस गावाकडे अर्धवट राहिलेले असतात, म्हणून तळावरच लसीकरणाचं सेशन लावावं लागतं. नर्सबाई डब्यातून बाटली काढतात, नाव आणि मुदत वाचतात आणि मग बाटली थोडी तिरपी धरून तिच्यावरचा बोटाच्या पेराहून लहान असा एक ठिपका बघतात. जांभळट रंगाचं वर्तुळ आणि त्याच्या पोटात एक चौकोन. हाच तो व्हीव्हीएम. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस द्यायची. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर बाटली बाजूला काढायची, मुदत दोन वर्षांची शिल्लक असली तरी.

चौकोनात असं रसायन असतं की ते उष्णतेने हळूहळू रंग धरतं आणि एकदा धरलेला रंग सोडत नाही. आजची उष्णता कालच्या उष्णतेत मिळवली जाते. बाटली पुन्हा फ्रीजमध्ये ठेवली म्हणून हिशेब मागे जात नाही. प्रत्येक लसीची सोसण्याची ताकद निराळी, म्हणून ठिपकेही निराळे. तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या बाटलीवरचा ठिपका ३७ अंश सेल्सिअसला साधारण दोन दिवसांत भरतो. हिपॅटायटिस बी किंवा टीडी या टणक लसींवरच्या ठिपक्याला त्याच तापमानाला महिनाभर लागतो.

आता हीच टीडीची बाटली रात्री गोठली आणि सकाळी वितळली असं धरा. चौकोन फिकाच राहील, मुदत ठीक असेल, बूच शाबूत असेल. बाटली दिसायला पूर्ण चांगली, पण आतलं औषध कामातून गेलेलं. उष्णतेसाठी इतकी चोख खूण केली गेली आणि गारठ्यासाठी बाटलीवर काहीच का नाही, याचं उत्तर इतिहासात आहे. दोनशे वर्षं लसीचा शत्रू एकच मानला गेला, तो म्हणजे ऊन.

आपल्याकडची पहिली लस आली तीही उन्हाशी झुंजत. जेन्नरची देवीची लस युरोपातून हिंदुस्थानात पाठवण्याचे प्रयत्न सुरुवातीला फसत होते. फोडातलं पाणी दोऱ्यावर सुकवून, काचांच्या मध्ये बंद करून पाठवलं जाई आणि लांबच्या प्रवासात निकामी होई. शेवटी व्हिएन्नाच्या ज्याँ द कारो यांनी पाठवलेली लस बगदादमार्गे बसऱ्याला पोचली आणि तिथून मुंबईपर्यंत ती माणसांच्या दंडांवरून आली. एकाला टोचायचं, आठवड्याने त्याच्या फोडातलं पाणी दुसऱ्याला टोचायचं, असं करत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागली आणि तिच्या दंडावरून पुढे ती पुणे, सुरत अशी पसरली. लस जिवंत ठेवण्याचा तेव्हा एकच भरवशाचा मार्ग होता, माणसाचं अंग. बर्फाचा या पहिल्या साखळीत पत्ताच नव्हता.

पुढे वासराच्या अंगावर लस तयार करून ती ग्लिसरीनमध्ये साठवण्याची पद्धत आली. आपल्या भागाचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. बेळगावात टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान सीमाभागातल्या मराठी माणसाला महामेळाव्यामुळे माहीत असतं. देवीची लस तयार करणारी संस्था तिथे होती, म्हणून त्या जागेला ते नाव. ग्लिसरीनमधली लस दंडावरच्या लसीपेक्षा जास्त टिकत असली तरी उन्हाळ्यात तिचा भरवसा नसे. म्हणून सपाटीच्या मुलखात देवी काढण्याचं काम मुख्यतः थंडीच्या महिन्यांत उरकून घेत. तेव्हा लसीसाठी ऋतू निवडला जाई. ऋतूला बाजूला सारून लस गार ठेवण्याची कल्पना नंतरची.

१९५० च्या दशकात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कोलियर यांनी देवीची लस गोठवून सुकवण्याची चांगली पद्धत बसवली. ही कोरडी पूड ३७ अंशांतही महिना-महिना टिके. देवीच्या निर्मूलनामागे ज्या गोष्टी आहेत त्यांत हिचा वाटा फार मोठा. टोचणारा माणूस फ्रीजशिवाय दूरच्या वाडीवर पायी जाऊ शकत होता. लोकांना वाटतं, देवी गेली ती शीतसाखळीच्या बळावर. माझ्या मते नेमकं उलट आहे. शीतसाखळी फारशी नसताना देवी हटवता आली, कारण लसच उन्हाला पुरून उरणारी होती.

खरी शीतसाखळी उभी करावी लागली ती त्यानंतर. १९७८ मध्ये भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण आलं. एक टणक लस गेली आणि तिच्या जागी घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, गोवर, क्षय यांच्या निरनिराळ्या स्वभावांच्या लसी आल्या. त्यांत पोलिओचे थेंब सगळ्यांत नाजूक. मग अख्खी व्यवस्था या सगळ्यांत नाजूक लसीच्या मापाने बेतली गेली. मुंबईचं केंद्रीय भांडार, पुण्याचं राज्य भांडार, कोल्हापूर, मग तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथून खांद्यावरच्या डब्यातून अंगणवाडीपर्यंत, असा प्रवास ठरला. बहुतेक लसींना प्रत्येक टप्प्यावर २ ते ८ अंश हे माप.

या साखळीतलं सगळ्यांत हुशार यंत्र म्हणजे आरोग्य केंद्रातला आयएलआर. दिसायला तो कुल्फीवाल्याच्या पेटीसारखा, झाकण वर उघडणारा. गार हवा जड असते, त्यामुळे झाकण उघडलं तरी ती बाहेर सांडत नाही. घरच्या उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती पायांवर येते. आयएलआरच्या भिंतींच्या आत बर्फाचं अस्तर असतं. वीज असताना ते अस्तर गोठतं आणि वीज गेली की तोच बर्फ पोट गार ठेवतो. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी त्याचं भागतं. खेडोपाडी अर्धा-अर्धा दिवस भारनियमन चालायचं त्या काळात महाराष्ट्राच्या आरोग्य केंद्रांतली लस वाचली ती या अस्तरामुळे.

पण या अस्तरानेच दुसरा धोका आत आणला. पेटी थंड होते ती भिंतीकडून आणि तळाकडून. थर्मोस्टॅटचा खटका कुणाकडून सरकला, किंवा बाटल्या टोपलीत न ठेवता थेट तळावर रचल्या, तर वरच्या भागात ४ अंश असतानाच तळाची रांग शून्याखाली जाऊ शकते. म्हणून लस टोपलीतच ठेवायची, तळावर काहीच टेकवायचं नाही. उन्हाला भिणाऱ्या लसी, म्हणजे पोलिओ, बीसीजी, गोवर-रुबेला, खाली. गारठ्याला भिणाऱ्या पेंटा, हिपॅटायटिस बी, टीडी, पीसीव्ही वर. थर्मामीटर टांगायचा तो याच वरच्या लसींच्या मध्ये. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, रविवार-सणवार न बघता आकडा लॉगबुकात उतरायचा. या वहीची पानं चाळताना मी एक गोष्ट आधी बघतो. महिनाभर दोन्ही वेळा एकच आकडा, एकाच शाईत लिहिलेला असेल, तर तापमान बघितलंच गेलेलं नाही. खऱ्या पेटीचा आकडा अर्ध्या-एक अंशाने हलत राहतो.

गारठ्याने या लसींचं नेमकं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. पेंटा, टीडी, हिपॅटायटिस बी यांत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असतात आणि लसीचा कामाचा अंश त्या कणांना चिकटलेला असतो. बाटली हलवली की ती दुधाळ दिसते ती या कणांमुळे. पाणी गोठायला लागलं की बर्फाचे स्फटिक वाढत जातात आणि हे कण मधल्या फटींत एकमेकांवर रेटले जातात. त्यांचे गठ्ठे होतात. बर्फ वितळला तरी गठ्ठे सुटत नाहीत. अशी लस टोचली तर सुईच्या जागी गाठ येण्याची शक्यता वाढते आणि संरक्षण मात्र मिळेलच असं नाही. हिपॅटायटिस बी तर शून्याच्या खाली अर्ध्या अंशावरच गोठू शकते. बीसीजी आणि गोवर-रुबेला यांची कोरडी पूड गोठण्याला दाद देत नाही. त्यांच्या सोबतचं पातळ करायचं पाणी तेवढं गोठू द्यायचं नाही, कारण काचेची कुपी तडकते.

हा धोका कागदावर जुना, पण लक्षात आला उशिरा. थर्मामीटर दिवसातून दोनदा बघणाऱ्याला पहाटेचे तीन कधी दिसतच नव्हते. विसाव्या शतकाच्या शेवटी आणि त्यानंतर डब्यांत, पेट्यांत, बाटल्यांशेजारी इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रं ठेवून अभ्यास सुरू झाले, तेव्हा देशोदेशीच्या साखळ्यांत लस शून्याखाली गेल्याच्या नोंदी सापडल्या. भारतात दहा राज्यांत असा अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही वरच्या भांडारांपेक्षा गावपातळीच्या टोकाला गोठण्याचं प्रमाण जास्त दिसलं. लस तापू नये म्हणून ज्यांनी जिवापाड काळजी घेतली, त्यांच्याच हातून ती गोठत होती. यात निष्काळजीपणा फारसा नव्हता. त्यांना शिकवलं होतं तेच ते नीट करत होते.

यातला बराचसा घोळ खांद्यावरच्या डब्यात होतो आणि तोही सकाळच्या घाईत. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये चार आईसपॅक चारी बाजूंनी उभे राहतात, मधल्या खाचेत प्लास्टिकच्या पिशवीत बाटल्या. आईसपॅक डीप फ्रीजरमधून निघतो तेव्हा तो उणे १५ ते उणे २५ अंशांचा असतो. तो तसाच डब्यात घातला तर पहिल्या तासा-दोन तासांत त्याला चिकटलेली पेंटाची बाटली गोठते, आणि दुपारी सेशनवर पोचेपर्यंत ती वितळूनही जाते. कुणाला पत्ता लागत नाही. यावरचा उपाय सोपा आहे, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. आईसपॅक बाहेर काढून टेबलावर एकेक सुटा मांडायचा. आधी त्यावर पांढरी भुकटी धरते, मग ती विरते आणि बाहेरून पाण्याचे थेंब सुटतात. तेवढ्यावर थांबायचं नाही. पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाण्याचा डुबुक असा आवाज आला, बर्फाचा गोळा सुटून हलायला लागला, की तो शून्य अंशावर आला. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत तो शून्यावरच राहतो, त्याखाली जात नाही. याला कंडिशनिंग म्हणतात. नव्या मदतनिसाला जुन्या बाई सांगतात, "घाम आला म्हणून उचलू नको, पाणी वाजतंय का बघ." हे एक वाक्य मला कित्येक छापील सूचनांपेक्षा मोलाचं वाटतं. हवा, पॅक आणि फ्रीजर यांच्याप्रमाणे वेळ बदलते. उन्हाळ्यात लवकर होतं, थंडीच्या पहाटे बराच वेळ लागतो. घड्याळावर भरवसा ठेवता येत नाही, तो ठेवावा लागतो कानावर.

बाटली गोठली होती की नाही हे नंतर ओळखायचं कसं? त्यासाठी शेक टेस्ट आहे. एक प्रसंग धरून चालू. सोमवारी सकाळी एखाद्या आरोग्य केंद्रात आयएलआर उघडला. नोंदयंत्राने रात्रीची खूण दाखवली आहे. अशी यंत्रं साधारणपणे उणे अर्ध्या अंशाखाली सलग तासभर राहिलं की गारठ्याचा इशारा देतात, आणि ८ अंशांच्या वर सलग दहा तास राहिलं तर उष्णतेचा. या दोन मुदतींतला फरकच सांगतो की कुठला धोका जास्त घाईचा आहे. रात्री दोन ते चार पेटी उणे दीडवर होती. आता थर्मामीटर ३ दाखवतो. पेंटाच्या बाटल्या दिसायला ठीक आहेत.

पहिलं काम म्हणजे बाटल्या वेगळ्या करून "वापरू नये" अशी चिठ्ठी लावायची आणि वरिष्ठांना कळवायचं. एखादी बाटली आजही घट्ट गोठलेली सापडली तर तिची चाचणी करायचीच नाही, ती सरळ बाद. बाकीच्यांतून सगळ्यांत गार जागी असलेली एक संशयित बाटली घ्यायची. मग त्याच लसीची, त्याच कंपनीची, त्याच बॅचची दुसरी बाटली घेऊन तिच्यावर ठळक "गोठवलेली" असं लिहायचं आणि ती डीप फ्रीजरमध्ये रात्रभर घट्ट गोठू द्यायची. दुसऱ्या दिवशी ती आपोआप वितळू द्यायची. गरम पाण्यात वगैरे धरायची नाही. पूर्ण वितळली की दोन्ही बाटल्या एकाच हातात धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायच्या, उजेडाकडे तोंड करून टेबलावर शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि अर्धा तास हात न लावता बघत राहायचं.

मुद्दाम गोठवलेल्या बाटलीत काही मिनिटांतच फरक दिसायला लागतो. वरचं पाणी निवळतं, मधोमध पिठूळ कणी तरंगतात आणि तळाशी गाळ बसतो. संशयित बाटली अजून सारखी दुधाळ असेल, तिचा गाळ या बाटलीपेक्षा सावकाश बसत असेल, तर ती गोठलेली नाही आणि वापरता येते. गाळ तिच्याइतक्याच किंवा जास्त वेगाने बसला तर त्या जागेतला तो सगळा साठा बाद. चाचणी झाली की मुद्दाम गोठवलेली बाटली नष्ट करायची. ती चुकून टोपलीत परत गेली तर केलेलं सगळं वाया.

या चाचणीकडे बराच काळ संशयाने बघितलं जाई. हातानं हलवून, डोळ्यांनी बघून काय कळणार, असं. जागतिक आरोग्य संघटनेच्या उमित कार्तोग्लू आणि सहकाऱ्यांनी तिची सूक्ष्मदर्शकाशी पडताळणी केली आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. प्रशिक्षित डोळ्यांनी दिलेला निकाल आणि सूक्ष्मदर्शकात दिसलेले गठ्ठे जुळत होते. तरी तिच्या मर्यादा आहेत. ती फक्त ॲल्युमिनियम असलेल्या लसींना लागू पडते. टोचायची पोलिओची लस, म्हणजे आयपीव्ही, गारठ्याला भिते, पण ती पाण्यासारखी स्वच्छ असते. हलवून तिच्यात काहीच दिसत नाही. तिच्याबाबतीत तापमानाची नोंद हाच पुरावा. आणि चाचणीला एक दिवस लागतो, तर खोपीसमोर बसलेली आई आत्ताच विचारत असते, "बाई, लस आहे ना?" अशा वेळी "आज नाही, पुढच्या वारी" असं सांगणं खोट्या संरक्षणापेक्षा बरं. फक्त ऊसतोडीची टोळी पुढच्या वारी दुसऱ्या फडावर गेलेली असू शकते. म्हणून साठा बाद झाला तर बदली साठा त्याच दिवशी मागवायचा असतो.

गेल्या काही वर्षांत पहाटेच्या तीनलाही साक्षीदार मिळाला आहे. २०१५ पासून देशात ई-विन ही व्यवस्था बसत गेली. पेटीत एक सेन्सर असतो, तो मोबाइलच्या जाळ्यातून आकडे पाठवत राहतो आणि मर्यादा ओलांडली की संबंधितांच्या फोनवर इशारा येतो. वहीत डोळे झाकून लिहिलेला आकडा आता सेन्सरच्या आलेखाशेजारी ठेवून बघता येतो. डब्याच्या बाबतीतही सुधारणा झाली. घट्ट गोठलेले आईसपॅक थेट घातले तरी बाटली गोठू न देणारा कॅरिअर तयार झाला. त्यात पॅक आणि लस यांच्या मध्ये एक जादा भिंत असते. जागतिक आरोग्य संघटनेने असा पहिला डबा २०१८ मध्ये मान्य केला आणि तो भारतातल्या कंपनीचा होता. पण तो जुन्या डब्याहून जड आणि महाग आहे. जुने निळे डबे अजूनही चालतात.

दुसरीकडे लसीलाच टणक करण्याचा विचार पुन्हा जोर धरतो आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी बनवलेली मेनिंजायटिसची मेनॲफ्रिव्हॅक ही लस ४० अंशांपर्यंत चार दिवस बर्फाशिवाय ठेवायला २०१२ मध्ये परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी बेनिनमध्ये ती तशी नेली गेली. चार दिवस संपले की उरलेली बाटली बाद करायची. शिवाय डब्यात आधीपासून एक कार्ड ठेवायचं. हवा ४० अंशांच्या वर गेली की त्या कार्डाचा रंग बदलतो. हे कार्ड लागतं, कारण व्हीव्हीएम साठत गेलेली उष्णता सांगतो, एखाद्या दुपारचा चटका वेगळा काढून सांगत नाही.

आपल्या नेहमीच्या सेशनवरच्या लसी मात्र बर्फासोबतच न्याव्या लागतात. त्यामुळे बिद्रीच्या तळावरचं सेशन संपलं की उरलेल्या बाटल्यांचा निवाडा तिथेच करावा लागतो. पाणी घालून पातळ केलेली गोवर-रुबेलाची बाटली चार तासांनी किंवा सेशन संपताच बाद. उघडलेली पेंटा किंवा टीडीची बाटली, तिच्यावर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असेल, ठिपका ठीक असेल, ती डब्यात गारच राहिली असेल आणि गोठलेली नसेल, तर त्याच दिवशी केंद्रात परत जाते आणि २८ दिवसांपर्यंत चालते. ती परत घेणारा माणूस डबा उघडल्यावर आधी आईसपॅक हलवून बघतो. पॅकमध्ये अजून थोडा बर्फ खडखडत असेल तर बाटली टोपलीत जाते. सगळं पाणी झालं असेल तर ठिपका पुन्हा उजेडात धरला जातो.